नुसता चांगला हात बांधून लकव्याचा हात चालू होत नाही

"लकवा मारलेला हात सहा महिन्यांत आला नाही तर पुढे येत नाही. म्हणून पहिल्याच दिवसापासून चांगला हात बांधून टाका, अधू हात आपोआप चालू होतो." असा सल्ला ऐकू येतो.

सहा महिन्यांची भिंत खरी नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत अधू हात प्रत्येक कामात दगा देतो, चांगला हात तेच काम पटकन उरकतो, आणि तो हात वापरायचाच नाही अशी सवय मेंदूला लागते. पुढे थोडी ताकद परत आली तरी सवय सुटत नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी हे आधी माकडांत दाखवलं. लीपर्ट आणि सहकाऱ्यांनी 2000 साली लकवा जुना झालेल्या रुग्णांच्या मेंदूचं चुंबकीय उत्तेजनानं मापन केलं, तेव्हा चांगला हात अडवून अधू हाताकडून भरपूर सराव करून घेण्याच्या उपचारानंतर अधू हाताला चालवणारा भाग वाढलेला दिसला.

पहिल्या दिवसापासून बांधणं तर टाळाच. 2009 च्या एका चाचणीत सुरुवातीच्या दिवसांत जास्त मात्रेत हा उपचार घेणाऱ्यांचा हात 90 दिवसांनी कमी सुधारलेला निघाला. 2006 च्या मोठ्या चाचणीत चांगला परिणाम दिसला, पण त्यातले 222 रुग्ण लकवा होऊन 3 ते 9 महिने झालेले होते.

आणि "आपोआप" काहीच होत नाही. खरं काम सरावाचं आहे.

समजा, आठ महिन्यांपूर्वी उजवी बाजू गेलेला कापूसवाला शेतकरी आहे. आधी पाहायचं, टेबलाच्या कडेवरून लोंबता पंजा तो मनगटातून निदान 20 अंश वर उचलतो का, बोटं 10 अंश तरी उघडतात का. पंजा अजिबात उघडत नसेल तर ही पद्धत त्याच्यासाठी नाही, उगाच छळ होतो.

उघडत असेल तर समोर परातीत कापसाचे पुंजके आणि शेजारी टोपली ठेवायची. 30 सेकंदांत किती पुंजके टोपलीत पडले ते लिहायचं, असं दहा वेळा, मध्ये विसावा. आकडा टिकून वाढला की एकच गोष्ट अवघड करायची: टोपली थोडी लांब, किंवा थोडी उंच. खांदा कानाकडे चढू लागला किंवा छाती पुढे झुकू लागली, तर हात नाही, धड काम करतंय. टोपली परत जवळ आणा. 2006 च्या चाचणीत असा सराव दिवसाला सहा तासांपर्यंत, दोन आठवडे चालला. घरी एवढं जमत नाही, म्हणून थेरपिस्टकडून कमी तासांचा, जास्त आठवड्यांचा आराखडा करून घ्यावा.

चांगला हात झोळीत अडकवू नका. पंज्यावर जाड मोजा घाला: पकड बंद होते, पण तोल गेला तर हात टेकता येतो. काठी घेऊन चालताना, विहिरीवर, चुलीजवळ, बैलांपाशी आणि आंघोळीला मोजा काढायचा.

सगळ्यात जास्त बिघाड घरातच होतो. बाबा वाटी उचलायला दोन मिनिटं झगडतात, आणि सून प्रेमानं म्हणते, "द्या बाबा, मी भरवते." दोन मिनिटं थांबा. रोज रात्री लिहून ठेवा, कोणती कामं अधू हातानं झाली: दार ढकललं, तांब्या धरला, बटण लावलं. पुंजक्यांचा आकडा वाढतोय आणि ही यादी वाढत नाही, तर सराव परातीपुरताच राहिला आहे.