व्हिडिओतल्या गाण्यातून आवाज काढून केलेल्या ट्रॅकबद्दल

दोन स्टार. "जुन्या गाण्याचा व्हिडिओ देऊन कराओके ट्रॅक करून घेतला, स्केल उतरवून. गायिकेचा आवाज मागे भुतासारखा येतो, दुसऱ्या अंतऱ्यातली बासरी गायब, कोरस तर पूर्णच गेला. फाईल एचडी दिली होती! हेच मोबाईलवर फुकट होतं, मग पैसे कशाचे?"

नमस्कार काका,

तुमचं काम मीच केलं होतं, म्हणून उत्तरही मीच देतो. मधल्या सगळ्या फायली अजून जपून ठेवल्या आहेत आणि त्या उघडूनच लिहितोय.

एचडीपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंचसं तिथूनच सुरू होतं. व्हिडिओ 1080p आहे हे खरं, पण ते चित्राचं माप. आवाज त्याच फाईलमध्ये वेगळा साठवलेला असतो आणि चित्र लख्ख असलं म्हणून तो सुधारत नाही. तुमच्या फाईलमधला आवाज एएसी, 128 केबीपीएसचा होता, म्हणजे यूट्यूबवरून उतरवलेल्या व्हिडिओंत सहसा असतो तसा. चॅनेल दोन दिसतात, पण डावीकडे जे तेच उजवीकडे. तुम्हालाही हे घरी बघता येईल. ऑडॅसिटीत फाईल उघडा, दोन्ही चॅनेल सुटे करून मोनो करा, त्यातल्या एकाला `Invert` लावा आणि दोन्ही एकत्र वाजवा. गाणं ऐकू आलं तर ते स्टिरिओ. सगळं गप्प झालं तर ते मोनो. तुमचं गाणं गप्प झालं. त्या काळातली बहुतेक रेकॉर्डिंग मोनोच आहेत, त्यामुळे यात कुणाचाच दोष नाही.

पूर्वी आवाज काढायची हीच युक्ती होती, डाव्यातून उजवा वजा करायचा. गायक मधोमध असतो, म्हणून तो जातो. त्याच्याबरोबर मधोमध असलेला बेस आणि ढोलकही जातो, आणि मोनो गाण्यात तर काहीच उरत नाही. आता आपण वापरतो त्या स्टेम सेपरेशनला चॅनेलच्या फरकाची सक्ती नाही. गायन आणि वाद्यं सुटी रेकॉर्ड केलेली गाणी प्रोग्रॅमला आधी शिकवलेली असतात. त्यावरून तो दर क्षणी, दर पट्टीतल्या ध्वनीबद्दल अंदाज बांधतो, यातला आवाज किती आणि वाद्य किती. शब्द मुद्दाम वापरतोय, अंदाज. मिसळलेलं गाणं पुन्हा उलगडून मूळ टेप परत मिळत नाही.

आता तुमच्या ट्रॅकमध्ये आवाजाखालची व्हायोलिनं पाण्यात बुडाल्यासारखी का वाटतात तेही सांगतो. तुम्ही ते लिहिलं नाहीत, पण ऐकताना मलाच ते सगळ्यात जास्त खटकलं. एएसी किंवा एमपी3 फाईल लहान करताना जे कानाला ऐकू येणार नाही ते टाकून देतात. गायिका जोरात गात असताना तिच्याखाली दबलेली बारीक वाद्यं कुणाला ऐकू येणार नाहीत, म्हणून त्यांचा तपशील बराचसा तिथेच गेलेला असतो. गाणं आहे तसं ऐकलं तर कळतही नाही. आपण आवाज काढला की ती जागा उघडी पडते. कपाट न हलवता भिंत रंगवली आणि नंतर कपाट हलवलं, तर जे दिसतं तेच. ती व्हायोलिनं आम्ही काढली नाहीत, तुमच्या फाईलमध्येच ती तिथे अर्धवट होती. अशी फाईल पुढे डब्ल्यूएव्हीमध्ये बदलून आणली तरी गेलेलं परत येत नाही, फाईल फक्त मोठी होते. गाण्याचा स्वच्छ सोर्स मागतो तो एवढ्यासाठी.

बाईंच्या आवाजाचं बोलू. तुमच्या ट्रॅकवर तो सलग नाही, ओळ संपताना आणि सुरुवातीच्या आलापात आहे. तिथे उरलाय तो मूळ आवाज नव्हे, त्याचा एको. रेकॉर्डिंगच्या वेळी आवाजावर दिलेली घुमी ओळ संपल्यावरही क्षणभर रेंगाळते, आणि त्या शेपटीला आवाज म्हणावं की वाद्याचा नाद म्हणावं हे प्रोग्रॅमला नीट ठरवता येत नाही. मागे ढोलक चालू असतो तिथे ती झाकली जाते. आलापात मागे फक्त तानपुरा आणि हळू व्हायोलिन आहे, म्हणून तिथे ती उघडी पडते. एको काढणारे वेगळे मॉडेल आहेत आणि मी तुमच्या आलापावर ते लावून पाहिलं. शेपूट गेली, पण तानपुऱ्याचा झणकारही गेला आणि तो तुणतुण्यासारखा कोरडा वाजायला लागला. म्हणून ते ठेवलं नाही. हेडफोन लावून नुसता ट्रॅक ऐकला तर शेपूट ऐकू येणारच. स्पीकरवर तुम्ही त्याच जागी गायलात तर तुमचा सूर तिच्यावर बसतो.

बासरीबद्दल मात्र थोडं उलट बोलतो, रागावू नका. 1:12 ते 1:34 हा पीस पुन्हा ऐका. तिथे बासरी पूर्ण आहे, मूळ गाण्यात आहे तशीच्या तशी. ती यंत्राने ठेवलेली नाही, हाताने परत बसवली आहे. बासरी, सनई, सारंगी, सोलो व्हायोलिन ही वाद्यं मींड घेतात, गळ्यासारखीच लांब सुरावर हलतात, त्यामुळे त्यांना आवाज समजून घेण्याची चूक हमखास होते. ज्या गाण्यांवर हे प्रोग्रॅम शिकतात त्यांचाही यात हात आहे. या क्षेत्रात सगळीकडे वापरला जाणारा एमयूएसडीबी18 हा संच 150 गाण्यांचा आहे आणि त्यात मुख्यतः पाश्चात्त्य पॉप-रॉक आहे. बास, ड्रम्स, आवाज आणि "इतर" असे चार खण. आपली बासरी त्या "इतर"मध्ये बसायला हवी, पण बऱ्याचदा ती आवाजाच्या खणात जाऊन पडते.

हे ओळखायचं कसं? ट्रॅक ऐकून नाही, काढलेला आवाज ऐकून. `vocals.wav` एकटी वाजवली की आवाजाबरोबर काय काय वाहून गेलं ते लगेच कळतं. तुमच्या गाण्यात तो पूर्ण पीस तिथे सापडला. त्या पीसमध्ये गायिका गातच नाही, मग तिथे काही काढायचं कारणच काय? म्हणून तेवढा तुकडा मूळ गाण्यातून उचलला, ट्रॅकवर त्याच जागी ठेवला आणि दोन्ही टोकांना अगदी छोटा क्रॉसफेड दिला, म्हणजे सांधा ऐकू येत नाही. मुखड्याआधीचं म्युझिकही असंच मूळ आहे.

दुसऱ्या अंतऱ्यात ही सोय नाही. तिथे बासरी गायिकेच्या बरोबरीने, तिच्याच सुरांवर चालते. मूळ तुकडा आणला तर आवाजही येतो. म्हणजे बासरी हवी असेल तर बाई येणार, बाई नको असतील तर बासरीही जाणार. कराओके म्हटल्यावर मी बासरी सोडली, आणि पुन्हा करायला बसलो तरी तेच करीन. ती हवीच असेल तर एखाद्या बासरीवादकाला बोलावून त्या दोन ओळी वाजवून घेणं हाच मार्ग आहे. खर्च वेगळा येईल.

कोरसचं कारण सोपं आहे. प्रोग्रॅमला माणसाचा आवाज कळतो, मुख्य गायिका कोण आणि मागच्या मुली कोण हे कळत नाही. फक्त लीड काढून कोरस ठेवणारी कराओके मॉडेलं निघाली आहेत, पण लीड मधोमध आणि कोरस बाजूला पसरलेला असा स्टिरिओ त्यांना मोठा आधार देतो. मोनोत सगळ्याजणी एकाच जागी उभ्या. तुमच्या गाण्यावर ते चालवलं तर निम्मा कोरस गेला आणि लीडचे तुकडे मध्येच डोकावत राहिले. तरी यात एक गोष्ट होऊ शकते. मुखड्यानंतर दोन ठिकाणी कोरस एकटा गातो, लीड नाही. तिथे बासरीसारखाच मूळ तुकडा परत ठेवता येतो. काही गायकांना तो मागे नको असतो, म्हणून न विचारता ठेवत नाही. तुम्हाला हवा असेल तर सांगा, त्याचे पैसे नाहीत.

स्केल चार स्वर खाली आणायला सांगितलं होतंत, म्हणजे पेटीवरच्या चार पट्ट्या. एखाद-दोन पट्ट्यांपर्यंत फारसं कळत नाही. चारवर तबल्याची टिपेची धार जाते, ढोलक जाडा वाटतो. तालवाद्यं वेगळी काढून तेवढी न उतरवता ठेवायची, ही युक्ती ड्रम-सेटवर चालते. तबल्याला ती लावता येत नाही, कारण दायाँ सुरात लावलेला असतो, गाणं उतरलं आणि तो वरच राहिला की बेसूर वाजतो. शिवाय तबला एका खणात राहतही नाही, बायाँ बेसमध्ये आणि दायाँ ड्रम्समध्ये जाऊन बसतो. तुमच्या गाण्यात म्हणून सगळं एकत्रच उतरवलं.

राहिला पैशांचा प्रश्न. प्रोग्रॅम फुकट आहे, अगदी खरं. आम्हीसुद्धा मेटाच्या संशोधकांनी सगळ्यांसाठी खुला केलेला डेमुक्सच चालवतो. इथे वाचणाऱ्यांपैकी ज्याच्या कॉम्प्युटरवर तो आणि एफएफएमपेग आहे, त्याने खुशाल घरी करावं:

```
ffmpeg -i gane.mp4 -vn -ar 44100 gane.wav
demucs -n htdemucs_ft --two-stems=vocals gane.wav
```

पहिली ओळ व्हिडिओतून आवाज सुटा करते, दुसरी `vocals.wav` आणि `no_vocals.wav` अशा दोन फायली देते. `htdemucs_ft` साध्या मॉडेलपेक्षा साधारण चौपट वेळ घेतं, तेवढी वाट बघावी. नव्या, स्टिरिओ, चांगल्या फाईलच्या गाण्याला एवढं पुष्कळ होतं आणि त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही, हे काउंटरवरही सांगतो. तुम्ही दिलेले पैसे त्यानंतरच्या कामाचे आहेत. काढलेला आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकणं, कुठे काय वाहून गेलं त्याची नोंद करणं, पीस परत बसवणं, स्केल उतरवणं, आणि शेवटी तो ट्रॅक ओठांच्या हालचालीशी जुळवून व्हिडिओवर चढवणं. मोबाईलच्या अ‍ॅपवर तुमचं गाणं टाकून 1:12 ला काय ऐकू येतं ते एकदा पाहा, ही विनंती.

हे गाणं सीडीवर निघालेलं आहे. तुमच्याकडे किंवा ओळखीत कुणाकडे ती सीडी असेल तर घेऊन या. गाणं तरीही मोनोच असेल आणि आलापातली शेपूट राहीलच, पण आवाजाखालची व्हायोलिनं बरीच भरून येतील. चांगला सोर्स मिळाला की एकदा नव्याने करून देणं आमच्या दरातच येतं, ते पावतीच्या मागे छापलेलं आहे. येण्याआधी दोन गोष्टी ठरवून ठेवा, कोरस हवा की नको, आणि स्केल चारऐवजी तीन पट्ट्या खाली चालेल का. तीनवर तबला बराच बरा वाजतो. पेटी इथे आहेच, गाऊन बघू आणि मगच ट्रॅक करू. सोमवारी बंद असतो, बाकी सकाळी अकरानंतर केव्हाही या.