‘दिवसा ताई, रात्री आम्ही’

मन्याचे वडील पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेत. भावंडं तीन. चहा येईपर्यंत त्याने घरच्या ग्रुपवर टाकायचा मेसेज वाचून दाखवला, ‘दिवसा ताई, रात्री मी आणि धाकटा आलटून पालटून. बदली आठ वाजता.’

नंदू एका रुग्णालयात ब्रदर आहे, त्यामुळे या विषयात कट्ट्यावर त्याचंच चालतं. “अण्णांची बीपीची गोळी किती वाजता?”

“आठ. सकाळ-संध्याकाळ.”

“मग आठला बदली नको. जाणाऱ्याला वाटतं येणारा देईल, येणाऱ्याला वाटतं देऊन झाली. एक तर राहील, नाहीतर दोनदा जाईल. दोनदा पोटात गेलेली परत काढता येत नाही.”

“मग सकाळी सात, रात्री नऊ. आम्ही ऑफिसातून पोचतोच साडेआठला. दोन्ही गोळ्या ताईकडे.”

“सातला बदली म्हणजे येणारा साडेसहाला दारात हवा. अर्धा तास दोघं असायला पाहिजेत. कुशीवर वळवणं, चादर बदलणं एकट्याने करताना माणूस ओढला जातो, कातडी सोलते. तेव्हाच माकडहाड आणि टाचा बघायच्या. लाल डाग बोटाने दाबून पांढरा पडला नाही, तर बेडसोरची सुरुवात समज. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे हात लावून गरम किंवा कडक लागतंय का बघ.”

“म्हणजे डाग कोणाच्या पाळीत आला याचा पंचनामा?” सुऱ्या उखडला. “भावंडं आहेत रे, कारखान्यातली शिफ्ट नाही.”

“पंचनामा नको, पण किती वाजता कुठल्या कुशीवर वळवलं ते लिहा. दर दोन तासांनी वळवायचंय ना? नाहीतर नवा माणूस पुन्हा त्याच कुशीवर झोपवतो.”

सुऱ्याला हे पटलं, पण तोंडाने म्हणाला नाही. शेवटी मेसेज असा झाला:

‘दिवस ७ ते ९ ताई, सोम ते शनि. रात्र ९ ते ७: सोम, बुध, शुक्र मी, मंगळ, गुरू, शनि धाकटा. रविवार दिवसा मी, रात्री धाकटा. येणाऱ्याने अर्धा तास आधी यायचं. दुसरा आल्याशिवाय निघायचं नाही. उशीर होणार असेल तर निघतानाच फोन. ८ च्या दोन्ही गोळ्या दिवसवाल्याच्या. जाताना ग्रुपवर लिहायचं: शेवटची कूस आणि वेळ, लघवीच्या पिशवीत किती आणि रंग कसा, डाग आहे का. उदा. ६.४० डावी कूस, ४०० मिली, गडद, उजव्या टाचेवर लाल.’

“शेवटच्या ओळीत पाणी कमी पडतंय का तेही कळतं,” नंदू म्हणाला. मन्याने पाठवून टाकला.

ताई घरीच असते, म्हणून दिवस तिचा, हे कोणी बोललं नव्हतं. आम्हीही विचारलं नाही. चहाचे पैसे देईपर्यंत तिचं उत्तर आलं: ‘माझा दिवस चौदा तासांचा आणि तुमची रात्र दहा. दुपारी २ ते ५ कोण?’