अंबेची अर्धी नदी

“रूपांतराच्या कथांना तुम्ही निसर्गाचं स्पष्टीकरण म्हणता. मला तर त्यांत एवढंच दिसतं की ऐकत नाही त्या बाईला शाप द्यायचा आणि झाड नाहीतर नदी करून गप्प बसवायचं. यात निसर्ग कुठे आला?”

शाप फक्त बायकांनाच मिळतात असं नाही. कुबेराचे दोन मुलगे नारदाच्या शापाने अर्जुनवृक्ष झालेच की. तरी तुमचा राग मला पटतो, म्हणून मुद्दाम अशी कथा घेतो जिच्यात तुम्ही म्हणता ती शिक्षा अगदी उघड दिसते. महाभारतातल्या उद्योगपर्वातली अंबा.

भीष्माने स्वयंवरातून पळवली, शाल्वाने नाकारली, परशुराम तिच्यासाठी लढूनही भीष्म हरला नाही. मग तिने यमुनेकाठी बारा वर्षं तप केलं. गंगेने तिला विचारलं, कशासाठी हे? भीष्माच्या नाशासाठी, असं तिने सरळ सांगितलं. गंगा म्हणजे भीष्माची आई. तिने शाप दिला: तू वाकडी नदी होशील, पाणी फक्त पावसाळ्यात, आठ महिने कोरडी, उतरायला धड घाट नाही, मगरींनी भरलेली, कुणाला ओळखू न येणारी.

हे वर्णन सावकाश वाचा. पावसावर जगणारा कुठलाही मोठा ओढा असाच असतो. उन्हाळ्यात नुसती वाळू आणि दगड, ही नदी आहे हेसुद्धा नवख्याला कळत नाही. आषाढात तोच काठ कापत सुटतो. खचलेल्या उभ्या दरडीवर घाट कुठून बांधणार? निसर्ग इथे आहे. शिवाय शाप देणारी कोण, तर हिमालयातून येणारी बारमाही गंगा. दोन जातींच्या नद्यांमधला फरक कथेने दोन बायकांच्या भांडणात बसवला आहे.

आता ‘वाकडी’ हा शब्द. हे सगळं दुर्योधनाला सांगतोय स्वतः भीष्म. अंबा काय करते, काय बोलते याची रोजची खबर आणायला त्याने माणसं नेमली होती, हेही तोच सांगतो. म्हणजे नदीला नावं ठेवणारी बाजू एकच, आई आणि मुलगा. तुमची शंका इथे अगदी बरोबर जागी बसते.

पण गप्प बसवणं मात्र जमलं नाही. वत्स देशात, म्हणजे कौशांबीच्या मुलखात, अंबा नावाची नदी झाली ती तिच्या अर्ध्या अंगाची. उरलेलं अर्धं अंग, तपाच्या बळावर, मुलगीच राहिलं. तिने शंकराकडून वर मिळवला, चिता रचली आणि ‘भीष्माच्या वधासाठी’ म्हणत आगीत शिरली. तीच पुढच्या जन्मी शिखंडी झाली.

भीष्माला ही कथा सांगावी लागते तीही दुर्योधनाच्या एका प्रश्नामुळे: समोर आला तरी शिखंडीवर तुम्ही बाण का सोडणार नाही? तो सांगत असतो तेव्हा एक अर्धी अंबा वत्सभूमीत वाहत असते आणि दुसरी पांडवांच्या सैन्यात उभी असते.