मुंग्यांच्या डोक्यातला बॅरोमीटर: ‘वाळवण’ कथेवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

“कथा वाचली. भाषा छान आहे, पण मुंग्या अंडी हलवतात म्हणून आजी पाऊस सांगते, हे आजच्या काळात लिहिणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी आहे. मुंग्यांच्या डोक्यात काय बॅरोमीटर बसवलाय का? आणि ती अंडी नसतातच. म्हातारी माणसं बरोबर ठरली तेवढंच लोक लक्षात ठेवतात. अशा आजीवर विसंबून कुणी पेरणी केली तर जबाबदार कोण? हवामान खातं आहे ना त्यासाठी. लेखिकेने जरा विज्ञान वाचून लिहावं.”

कथा आवडली नाही तर तसं म्हणायला कुणाची ना नाही. पण ‘लेखिकेने जरा विज्ञान वाचून लिहावं’ हा सूर कशासाठी? अहो, निवृत्त होईपर्यंत मी शाळेत विज्ञानच शिकवलं. खिडकीत दोन थर्मामीटर टांगायचे, एकाच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळायची आणि दोन्हींच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेतली आर्द्रता काढायची, हा प्रयोग मुलांना दाखवताना मलमल वाळू नये म्हणून वाटीत पाणी घालत बसणारी बाई मीच. समोरच्याने काही वाचलेलंच नाही असं धरून चालायच्या आधी निदान विचारायचं तरी.

अंड्यांचं मान्य. मुंगीचं खरं अंडं इतकं बारीक असतं की उभ्याने दिसायचं नाही. तोंडात धरून नेताना दिसतात ते पांढरे दाणे बहुतेक अळ्या आणि कोष असतात. पण कथेतली आजी त्यांना अंडीच म्हणणार. तिच्या तोंडी ‘कोष’ घातला असता तर तुम्हीच हसला असता.

आता तो बॅरोमीटर. टोमणा म्हणून ठीक आहे, पण आपल्याकडे खराखुरा बॅरोमीटर असून तरी मुंगीला त्याचा काय उपयोग? उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमाराला तो वर असतो आणि दुपारी चारपर्यंत साधारण 3-4 मिलिबारने खाली येतो. आभाळ निरभ्र असलं तरी येतो. वळवाच्या पावसाआधी होणारी घट या रोजच्या चढउतारात सहज बुडून जाते. उलट ढगाखालची गार हवा येऊन थडकली की दाब एकदम वर उडी मारतो. म्हणजे तुमची बॅरोमीटरवाली मुंगी रोज दुपारी पिल्लं उचलून पळत सुटली असती. दाबाचा शब्द माझ्या कथेत कुठेही नाही, तो तुम्ही आणलात.

मुंगीला कळतो तो ओलावा. तिच्या मिशांवर आर्द्रता आणि तापमान ओळखणारी सूक्ष्म इंद्रियं असतात. पिल्लांना ठरावीक दमटपणा आणि ऊब लागते, म्हणून कामकरी मुंग्या त्यांना वारुळातल्या एका कप्प्यातून दुसऱ्यात सारख्या हलवत असतात: वरची माती तापली की खाली, खाली ओल वाढली की वर. पण ही हालचाल उद्याचं काही सांगत नाही. हवा किंवा माती आत्ताच बदलली आहे, एवढंच तिच्यातून कळतं. शिवाय वारूळ कुणी उकरलं, पाणी सांडलं किंवा मुंग्यांनी नुसतं घर बदललं तरीही अशीच रांग लागते. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त हे पावसाचं लक्षण नोंदवताना अटच घातली आहे की मुंग्यांना काही उपद्रव झालेला नसावा. आणि माझ्या कथेतली आजी रांग पाहिल्याबरोबर पहिलं काय विचारते? “उंबऱ्यापाशी पाणी कुणी सांडलं गं?” हे वाक्य तुम्ही वाचलं असतंत तर निम्मी प्रतिक्रिया वाचली असती.

त्या रांगेवरून आजी पाऊस सांगतच नाही. ती फक्त सावध होते आणि वाटणाचा पाटा सोडून गच्चीवर येते. कुरडयांची खाट उचलायला सांगते ती वारा फिरल्यावर.

तो परिच्छेद मी जपून लिहिला होता, म्हणून इथे थोडं थांबते. मे महिन्याची दुपार, माण तालुक्यातलं गाव. मावळतीचा वारा चालू आहे, उगवतीला फुलकोबीसारखा ढग वर वर चढतो आहे आणि त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो आहे. मग वारा पडतो. कुरडयांवर घातलेलं जुनं लुगडं हलायचं थांबतं. थोड्या वेळाने उलट बाजूने, ढगाकडून, गार झोत येतो. ढगातून पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेत सुकू लागतात, त्यात हवेची उष्णता खर्च होते, गार झालेली हवा जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीला लागून चहूकडे पसरते. ती पावसाच्या पुढे धावते. समजा पावसाची कड 5 किलोमीटरवर आहे आणि ताशी 20 किलोमीटरने आपल्याकडे येते आहे, तर हातात 15 मिनिटं उरतात. कुरडया, सांडगे, पापड आत न्यायला तेवढी पुरतात.

आजी चुकते तीही इथेच. मे महिन्यात आमच्याकडे ढगाचा तळ फार उंच असतो आणि खालची हवा कोरडीठाक. थेंब वाटेतच सुकून गेले तर वारा जोराचा सुटतो, डोळ्यांत धूळ जाते, आणि पाऊस मात्र जमिनीला लागत नाही. जे बाष्पीभवन गार वारा पाठवतं तेच पाऊस खाऊन टाकतं. माझ्या आजीच्या घरी अशी नुसत्या धुरळ्याची दुपार झाली की सगळं वाळवण पुन्हा गच्चीवर चढवायचं काम आम्हा नातवंडांकडे असायचं, त्यामुळे ‘चुकली ते लोक विसरतात’ हे निदान मला सांगू नका. माझे खांदे विसरलेले नाहीत. आणि तिचा हिशेब साधा होता: उगाच खाट उचलली तर थोडी दमछाक, न उचलली आणि सर आली तर वर्षाच्या कुरडया गेल्या. अशा वेळी शहाणं माणूस शंका आली की उचलतंच.

पेरणीचं म्हणाल तर कथेत पेरणी नाही. एका दुपारच्या लक्षणांवरून सगळ्या हंगामाचा अंदाज कुणी बांधू नये, आणि आजी बांधतही नाही. हवामान खात्याशीही तिचं भांडण नाही. खातं आता पुढच्या तीन तासांचे इशारे देतं, ते मीही फोनवर बघते. ते जिल्ह्याला असतात आणि आजीची गच्ची एकच आहे, यापलीकडे या मुद्द्यावर लिहिण्यासारखं मला काही दिसत नाही.

तुम्हाला चूकच काढायची होती तर चंद्राचं खळं होतं की कथेत. आदल्या रात्री आजी ते पाहते आणि म्हणते, “उद्या येतोय.” त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. खळं पडतं ते खूप उंचावरच्या पातळ ढगातल्या बर्फाच्या स्फटिकांतून प्रकाश वळल्यामुळे, चंद्रापासून 22 अंशांवर. युरोपात असे ढग बरेचदा येणाऱ्या पावसाळी पट्ट्याच्या पुढे चालतात, म्हणून तिथे या खुणेला थोडा आधार आहे. आपल्याकडे मे महिन्यात ते दूर कुठे तरी विरलेल्या वादळी ढगाचा पसरलेला माथाही असू शकतात, आणि त्यावरून आपल्या गच्चीचं उद्या काय होणार हे कळत नाही. हे माहीत असूनच मी ते वाक्य आजीच्या तोंडी ठेवलं, कारण अशा बायका ते म्हणतात. कथा पुन्हा वाचलीत तर दिसेल: त्या रात्री खळं पाहूनही तिने कुरडयांचा चीक शिजवायला घेतलाच.