रविवारचा खिमा बुधवारी? नका करू

मटणाचे तुकडे फ्रीजमध्ये तीन दिवस छान राहतात, मग त्यांच्यासोबत आणलेला खिमाही राहील, असं बऱ्याच घरांत धरून चालतात. तो नाही राहत. फ्रीज 4 अंशांवर असेल तर कच्चे तुकडे तीन ते पाच दिवस टिकतात, खिमा मात्र एक, फार तर दोन दिवस. (चिकनला ही सवलत नाही. तुकडे असोत की खिमा, दोन दिवसांत संपवायचं.)

निरोगी जनावराच्या मांसात आतल्या बाजूला जंतू जवळपास नसतात. सुरी, ठोकळा आणि हात यांच्यामुळे ते लागतात ते वरच्या अंगाला, आणि अख्ख्या तुकड्यात बहुतेक तिथेच राहतात. खिमा करताना तेच सगळीकडे मिसळले जातात. शिवाय 5 सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा घेतला तर त्याची बाहेरची बाजू भरते 150 चौरस सेंटिमीटर. त्याचेच अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे केले की होतात 1500. म्हणजे हवा आणि जंतूंना दहापट जागा, वर चिरडलेल्या मांसातून सुटलेला रस त्यांना आयतं खाद्य. मशीन धुतलेलं नसेल तर आधीच्या गिऱ्हाइकाच्या मांसाचे कणही आपल्या पिशवीत येतात.

घरी आल्यावर आपण आणखी एक घोळ घालतो. किलोभर खिम्याचा गोळा दुकानातल्या पिशवीसकट फ्रीजमध्ये सारतो. बाहेरून तो गार लागतो, पण मधला भाग कितीतरी वेळ कोमटच राहतो. म्हणून रविवारी सकाळी किलोभर आणला तर निम्मा त्याच दिवशी शिजवा. उरलेल्याचे पाव-पाव किलोचे दोन भाग करा, पिशवीत घालून हाताने बोटभर जाडीचे चपटे करा, हवा काढा आणि लगेच फ्रीझरमध्ये टाका. जाडी निम्मी केली की गार व्हायला साधारण पाव वेळ लागतो. उणे 18 अंशांवर तीन-चार महिने चव चांगली राहते. मंगळवारी रात्री पिशवी ताटलीत ठेवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवली, की बुधवारी शिजवता येते. ओट्यावर वितळवू नका, कारण आतला बर्फ सुटेपर्यंत बाहेरचा खिमा खोलीइतका गरम झालेला असतो.

गोळा फोडल्यावर आत करडा-तपकिरी दिसला म्हणून घाबरू नका, तिथे हवा पोचली नाही इतकंच. हाताला बुळबुळीत लागला किंवा आंबट वास आला तर टाकून द्या. पण वास नाही म्हणजे चांगला, असंही नाही. आजारी पाडणारे जंतू बऱ्याचदा वास सोडत नाहीत, त्यामुळे नाकापेक्षा दिवस मोजा.

मिठा-हळदीत नुसता परतून ठेवण्याचा जुगाडही नको. अर्धवट शिजलेल्या खिम्यात जंतू उरतात आणि गार होताना पुन्हा वाढतात. पूर्ण शिजवा, पसरट भांड्यात काढा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. असा शिजवलेला खिमा तीन-चार दिवस बिनधास्त पावाबरोबर खा.