शंकरपाळीत न मावणारं पेमेंट

> ‘एखादं फीचर डॉक्युमेंट करायचं असेल तर सरळ फ्लोचार्ट काढा. तो मॅनेजरपासून टेस्टरपर्यंत सगळ्यांना कळतो. सिक्वेन्स, स्टेट वगैरे आकृत्या तीच गोष्ट वेगळ्या कपड्यांत सांगतात, आणि अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे फ्लोचार्टचंच नवं नाव. फारच शंका असेल तर चारही काढून ठेवा.’

वरच्या सल्ल्यातल्या ‘सगळ्यांना कळतो’ इथून सुरुवात करतो, कारण आम्ही नेमके तिथेच फसलो होतो. नाटकांची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या एका सिस्टिमवर मी काम करत होतो. प्रेक्षकानं खुर्ची निवडली की ती १५ मिनिटं त्याच्यासाठी धरून ठेवायची. तेवढ्यात पैसे आले तर तिकीट द्यायचं, नाही आले तर खुर्ची मोकळी करायची. याचा फ्लोचार्ट आमच्याकडे होता. मधोमध एक शंकरपाळी, तिच्यात ‘पैसे आले का?’ हा प्रश्न. ‘हो’चा बाण तिकिटाकडे, ‘नाही’चा बाण खुर्ची सोडण्याकडे. मीटिंगमध्ये तो पाच मिनिटांत मंजूर झाला.

मग एका रविवारी एका गृहस्थांच्या खात्यातून पैसे गेले, पण पेमेंट गेटवेचा ‘यशस्वी’ असा निरोप आमच्या सर्व्हरला सतराव्या मिनिटाला मिळाला. खुर्ची पंधराव्या मिनिटाला सुटली होती आणि सोळाव्याला दुसऱ्या कुणी घेतली होती. उशिरा आलेला निरोप बघून आमच्या कोडनं ती संपलेली ऑर्डर ‘पेड’ करून टाकली. प्रयोगाच्या दिवशी एका खुर्चीची दोन तिकिटं घेऊन दोन कुटुंबं दारात उभी राहिली.

फ्लोचार्ट पुन्हा काढून पाहिला, तर त्यात चूक सापडेना. खरी गोम अशी की शंकरपाळी एक गोष्ट गृहीत धरते: प्रश्न विचारला की उत्तर तिथल्या तिथे हजर असतं. पेमेंटच्या बाबतीत ते नसतं. बातमी स्वतःच्या पायांनी येते, कधी उशिरा, कधी दोनदा, कधी येतच नाही. फ्लोचार्ट सगळ्यांना कळला होता खरा, पण जे कळलं ते आमच्या सिस्टिमचं वागणं नव्हतं.

म्हणून मी आता आकृती निवडण्याआधी एक साधी चाचणी करतो. कागदावर बोट ठेवायचं आणि वागणूक सांगत बोट पुढे सरकवायचं. एक काम संपलं म्हणून बोट आपोआप पुढे जात असेल, तर फ्लोचार्ट किंवा अ‍ॅक्टिव्हिटी. बोट एका जागी थांबून बाहेरून काही घडायची वाट पाहत असेल, तर स्टेट. एका बोटानं भागतच नसेल, दोन-तीन जणांची बोटं एकमेकांकडे निरोप पाठवत असतील आणि कोणता निरोप आधी पोचला यावर सगळं ठरत असेल, तर सिक्वेन्स.

‘वेगळ्या कपड्यांत तीच गोष्ट’ हे म्हणणं याच ऑर्डरवर तपासून पाहू. ऑर्डर बहुतेक वेळ वाट पाहत बसलेली असते, म्हणून आधी स्टेट डायग्रॅम. चार अवस्था निघाल्या: पैशांची वाट, पैसे आले, मुदत संपली, पैसे परत द्यायचे. घटनाही चारच: यशस्वी पेमेंटचा निरोप, फसलेल्या पेमेंटचा निरोप, १५ मिनिटांचा टायमर आणि प्रेक्षकानं केलेलं रद्दीकरण. मजकुरातून आकृती काढणाऱ्या मर्मेड या साधनात ते असं दिसतं:

```
stateDiagram-v2
    [*] --> PENDING
    PENDING --> PENDING : failure
    PENDING --> PAID : success
    PENDING --> EXPIRED : timer, cancel
    EXPIRED --> REFUND_DUE : success
    PAID --> REFUND_DUE : cancel
```

पण खरी कमाई चित्रात नाही, त्यातून निघणाऱ्या तक्त्यात आहे. चार अवस्था उभ्या, चार घटना आडव्या, म्हणजे १६ घरं. प्रत्येक घरात काहीतरी लिहायलाच हवं, ‘काही करू नका’ किंवा ‘हे घडूच शकत नाही’ का असेना. आमच्या फ्लोचार्टनं यातली तीनच घरं भरली होती, तिन्ही `PENDING`च्या ओळीतली. प्रेक्षक मध्येच रद्द करू शकतो हेसुद्धा त्यात नव्हतं. रविवारची घटना `EXPIRED` आणि `success` यांच्या घरात बसते. फ्लोचार्टमध्ये न काढलेला बाण नजरेला खुपत नाही. तक्त्यातलं रिकामं घर मात्र लगेच खुपतं.

तक्ता भरताना आणखी एका घरानं आम्हाला अडवलं. ऑर्डर आधीच `PAID` आहे आणि पुन्हा `success` आला, तर? सगळे एकदम म्हणाले, सोडून द्या, गेटवे तोच निरोप दोनदा पाठवतो. ते खरं आहे, आपल्याकडून पोच वेळेवर गेली नाही की वेबहुक, म्हणजे गेटवेनं थेट सर्व्हरला पाठवलेला निरोप, पुन्हा येतो. पण आमच्या टेस्टरताईंनी विचारलं, ‘प्रेक्षकानं दोन टॅब उघडून खरोखरच दोनदा पैसे भरले असले तर?’ मग त्या घरात एक अट आली: पेमेंटचा क्रमांक तोच असेल तर दुर्लक्ष करा, वेगळा असेल तर दुसरं पेमेंट परत करा. हा प्रश्न फ्लोचार्टसमोर बसून कुणालाही सुचला नव्हता, कारण त्यात तो विचारायला जागाच नव्हती.

आता त्याच ऑर्डरची दुसरी तक्रार. पैसे भरून प्रेक्षक आमच्या पानावर परतायचा आणि पान म्हणायचं, ‘पेमेंट झालेलं नाही’. घाबरून तो पुन्हा पैसे भरायचा. स्टेट डायग्रॅम इथे काहीच मदत करत नाही. त्या क्षणी ऑर्डर `PENDING` आहे आणि नियमाप्रमाणे ती तशीच असायला हवी. बिघाड निरोपांच्या क्रमात आहे. गेटवे पेमेंटची बातमी दोन वाटांनी देतो. एक वाट प्रेक्षकाच्या ब्राउझरमधून, त्याला आमच्या पानावर परत पाठवून. दुसरी थेट आमच्या सर्व्हरकडे, वेबहुकनं. आधी कोण पोचेल याची खात्री नसते. सिक्वेन्स डायग्रॅममध्ये ब्राउझर, सर्व्हर आणि गेटवे अशा तीन लाईफलाइन, म्हणजे उभ्या रेषा, काढल्या आणि ब्राउझरचा बाण वेबहुकच्या वर ठेवला, तेव्हा दोन बाणांमधली मोकळी जागा समोर आली. त्या जागेत प्रेक्षकाला काय दाखवायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. आता तिथे ‘बँकेकडून खात्री करतोय, पुन्हा पैसे भरू नका’ असं दिसतं आणि सर्व्हर स्वतःहून गेटवेला स्थिती विचारतो.

सिक्वेन्सची मर्यादाही सांगायला हवी. एक चित्र म्हणजे घडलेला किंवा घडू शकणारा एक प्रसंग, सगळे नियम नव्हेत. लोक त्यात ‘असं झालं तर हे, नाहीतर ते’ दाखवणाऱ्या `alt`च्या चौकटी घालून सगळ्या शक्यता कोंबतात. `alt`च्या आत `alt` आणि त्याच्याही आत तिसरा आला, की समजावं आपण सिक्वेन्सकडून स्टेटचं काम करून घेतोय.

हे वेगळेपण यूएमएल या आकृत्यांच्या प्रमाण भाषेच्या शौकिनांनी काढलेलं नाही. इंटरनेटवर दोन संगणकांमधला संवाद सांभाळणाऱ्या टीसीपीचं वर्णन करणारा आरएफसी ७९३ हा दस्तऐवज सप्टेंबर १९८१चा आहे, यूएमएलच्या कितीतरी आधीचा. त्यात कनेक्शनच्या ११ अवस्थांची आकृती वेगळी आहे आणि कनेक्शन सुरू करतानाच्या हँडशेकमध्ये दोन टोकांकडून कोणता निरोप कधी जातो ते वेगळं मांडलंय. दोघांनी एकाच वेळी सुरुवात केली तर काय, जुना निरोप उशिरा उगवला तर काय, याची चित्रंही निराळी आहेत. त्याच दस्तऐवजाच्या पुढच्या भागात प्रत्येक घटना घेऊन ‘या अवस्थेत असाल तर हे करा’ असं ओळीनं लिहिलंय. तो आमचाच तक्ता, वाक्यांत मांडलेला. शिवाय आपली अवस्थांची आकृती चुकांच्या परिस्थिती दाखवत नाही, हे त्या दस्तऐवजानं तिथेच सांगून टाकलंय.

‘अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे फ्लोचार्टच’ हा समज का होतो ते मी समजू शकतो. चौकटी, शंकरपाळ्या, बाण, दिसायला दोन्ही बहिणी. पण वाचण्याचे नियम निराळे आहेत. एसएमएस पाठवायचा भाग घ्या. ‘एसएमएस पाठवा’ या चौकटीत एक बाण वरून येतो आणि ‘फसला, पुन्हा प्रयत्न’ म्हणून दुसरा खालून वळून येतो. फ्लोचार्टमध्ये याचा अर्थ ‘कुठूनही आलात तरी चालेल’. यूएमएल २मध्ये मात्र एका क्रियेत दोन बाण शिरले तर ती दोन्हींची वाट पाहते. पुन्हा प्रयत्नाचा बाण पहिला एसएमएस फसल्याशिवाय येणार नाही आणि पहिला एसएमएस त्या बाणाशिवाय सुटणार नाही. चित्र जागीच अडकलं. ते सोडवायला दोन बाण आधी मर्जच्या शंकरपाळीत एकत्र आणावे लागतात. बाहेर पडणाऱ्या दोन बाणांचंही तसंच: अटी लिहिल्या नसतील तर यूएमएल २मध्ये दोन्ही वाटा एकदम सुरू होतात, फ्लोचार्टमध्ये मात्र वाचणारा अंदाज बांधत बसतो.

आम्हाला याचा उपयोग पैसे आल्यानंतरच्या टप्प्यात झाला. तिकीट तयार करणं, एसएमएस पाठवणं आणि हिशेबात नोंद करणं ही तीन कामं एकदम सुरू होतात. फोर्कची जाड पट्टी काढली आणि खाली जॉइनची पट्टी काढायला गेलो, तेव्हा प्रश्न आला की एसएमएस गेला नाही तर तिकीट अडवायचं का? जॉइन सगळ्यांची वाट पाहतं. म्हणून एसएमएसचा बाण जॉइनमध्ये नेलाच नाही, तो बाजूलाच संपवला.

फ्लोचार्टवर माझा राग नाही. रद्द केलेल्या तिकिटाचे किती पैसे परत द्यायचे, हे ठरवणारं फंक्शन आम्ही फ्लोचार्टनंच दाखवलंय. प्रयोगाला किती तास उरलेत, सवलतीचं तिकीट आहे का, सुविधा शुल्क वजा करायचं का: सगळी माहिती आधीच हातात, कुणाची वाट पाहायची नाही, बोट वरून खाली एका दमात उतरतं. तिथे स्टेट डायग्रॅम काढणं म्हणजे वाचणाऱ्याला उगाच शिणवणं.

राहिलं ‘चारही काढा’. आम्ही काही महिने तसंच केलं. मग खुर्ची धरून ठेवायची मुदत १५ वरून १० मिनिटांवर आली. स्टेट डायग्रॅम बदलला, बाकी तिघांत १५ तशीच राहिली. नव्या मुलानं त्यातलं एक उघडलं आणि टेस्ट १५ मिनिटांची लिहिली. आता ऑर्डरच्या पानावर स्टेट डायग्रॅम आणि त्याचा १६ घरांचा तक्ता आहे, प्रत्येक घरामागे एक टेस्ट. शेजारी एकच सिक्वेन्स, ब्राउझर आधी पोचल्याचा, आणि मुदतीचा आकडा त्यात मुद्दाम लिहिलेला नाही. फोर्कचं चित्र पैसे आल्यानंतरच्या कामांच्या पानावर, फ्लोचार्ट परताव्याच्या फंक्शनजवळ. ती शंकरपाळीची जुनी आकृती काढून टाकली.