सामायिक सायकलीचे नाव ठरवताना तिसरा प्रश्न विसरू नये

आमच्या महाविद्यालयाच्या परिसरात विद्यार्थ्यांसाठी सामायिक सायकली येणार हे ठरले, तेव्हा योजनेचे नाव सुचवणाऱ्या गटात मीही होतो. मुख्य प्रवेशद्वार, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि वसतिगृह अशा चार ठिकाणी सायकली उभ्या राहणार होत्या. विद्यार्थ्याने एका ठिकाणी सायकल घ्यावी, जिथे जायचे तिथे सोडावी आणि ती पुढच्या माणसाला मिळावी, एवढीच रीत होती. ही रीत समजावणारे फलक आणि पत्रके काढण्याऐवजी ती नावातूनच कळली पाहिजे, असे माझे मत तेव्हाही होते आणि आज ते अधिक पक्के झाले आहे.

पहिले नाव आले ‘हरितचक्र’. ऐकायला ते सुंदर होते. आम्ही ते कागदावर छापून एका सायकलीच्या दांडीवर चिकटवले आणि योजनेविषयी काहीच माहीत नसलेल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारले: ही सायकल कोणाची असेल? तुम्हाला ती घेता येईल का? काम झाल्यावर ती कुठे ठेवाल? नाव आवडले का, हे आम्ही मुद्दाम विचारले नाही, कारण आवडलेल्या नावाचा अर्थ कळलेला असतोच असे नाही. बहुतेकांना ती पर्यावरण मंडळाची सायकल वाटली आणि परवानगीशिवाय तिला हात लावू नये, असे त्यांनी सांगितले.

मग ‘आपली सायकल’ पुढे आले. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०१२ मध्ये ‘नम्म सायकल’ सुरू झाली होती. कन्नडमध्ये ‘नम्म’ म्हणजे आपले किंवा आमचे, त्यामुळे हे नाव आपल्यालाही जवळचे वाटणे साहजिक होते. या नावाने पहिले दोन प्रश्न सुटले. तिसऱ्या प्रश्नावर मात्र उत्तर आले, “खोलीबाहेर ठेवू, सकाळी पुन्हा लागेल.” आपली म्हटल्यावर ती आपल्या दाराशी असावी, असे कोणालाही वाटणार. सामायिक सायकलीची योजना नेमकी इथेच अडते, कारण एका विद्यार्थ्याच्या दाराशी रात्रभर उभी राहिलेली सायकल बाकी सर्वांसाठी नसल्यासारखीच असते.

‘ने-आण सायकल’ हे नाव मला स्वतःला फार आवडले होते, पण ‘आण’ या शब्दामुळे विद्यार्थी सायकल घेतल्या जागीच परत करायची असे समजत होते. तासाच्या भाड्याने सायकल देणाऱ्या दुकानांची रीत तीच होती आणि ज्या घरांत ती आठवण आहे, तिथली मुले हाच अर्थ लावतात. त्यावर कोणी ‘घे-ठेव सायकल’ सुचवले. त्यातल्या ‘ठेव’ शब्दाने वेगळीच अडचण उभी केली, कारण एका विद्यार्थिनीने सरळ विचारले, “ठेव किती भरायची?” हा शब्द आपण बँकेच्या संदर्भात इतका वापरतो की तिची चूक मुळीच नव्हती.

शेवटी ‘इथून तिथे सायकल’ हे नाव टिकले. त्यात काव्य नाही, पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘सायकल’ हा शब्द नावात ठेवण्याचा आग्रह मी धरला, कारण दूरध्वनीच्या पडद्यावर किंवा सूचनाफलकावर हे नाव वाहनाशिवाय एकटे दिसते. मराठी न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी नावाखाली दोन खांब आणि त्यांच्यामध्ये सायकल एवढेच चित्र काढले. म्हैसूरमध्ये २०१७ मध्ये सुरू झालेल्या योजनेला ‘ट्रिन ट्रिन’ हे घंटीच्या आवाजाचे नाव आहे. कोणत्याही भाषेच्या माणसाला त्यातून सायकल कळते, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र ती कुठे सोडायची, हे सांगण्याचे काम तिथेही थांब्यालाच करावे लागते.

म्हणून सायकली ठेवण्याच्या जागेचे नावही तितक्याच काळजीने ठरवावे लागले. ‘सायकल स्टँड’ म्हटले की आपली स्वतःची सायकल लावण्याची जागा डोळ्यांसमोर येते आणि पहिल्या दिवसापासून तिथे खासगी सायकली उभ्या राहतात. ‘सायकल थांबा’ म्हटले की बसथांब्याची आठवण होते, म्हणजे इथे चढायचे आणि पुढच्या थांब्यावर उतरायचे. नुसते ‘सायकल थांबा’ लिहिले तर सायकलस्वारांना थांबायला सांगितले आहे, असाही अर्थ निघू शकतो. त्यामुळे ‘ग्रंथालय सायकल थांबा’ असे ठिकाणासह लिहिणे आवश्यक आहे.

कुलूप कसे उघडायचे, हे मात्र नावावर लादू नये. जर्मन रेल्वेच्या ‘कॉल अ बाइक’ योजनेत फोन केला की कुलुपाचा क्रमांक मिळत असे आणि नाव त्या कृतीला अगदी चपखल होते. पुढे सायकल मोबाईल ॲपमधून घेता येऊ लागली, तरी नावात फोन राहिलाच. कुलुपाची खूण कुलुपावरच असावी.

सायकली सुरू झाल्यावर मी प्रवेशद्वारावरच्या सुरक्षारक्षकांना एकच विनंती केली आहे: मुले सायकलीबद्दल काय विचारतात, ते शब्दशः लिहून ठेवा. “ही घेऊ का?” असा प्रश्न आला तर सायकलीवरचे नाव कमी पडले, आणि “ही इथेच सोडू का?” असा आला तर थांब्याची पाटी पुन्हा लिहायची.